निराधार पेन्शन: आधी योजना ठरवा, मग कागद गोळा करा

तहसील कार्यालयातून निराधार पेन्शनचा अर्ज परत आला, की घरात एकच वाक्य ऐकू येतं: "कागद कमी पडलं." खरं तर बऱ्याच वेळा कागद कमी नसतात. ते एकमेकांशी जुळत नसतात. आधारवर वय एक, मतदार ओळखपत्रावर दुसरं. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव 'दादू', बायकोच्या आधारवर तेच 'दादासाहेब'. रेशनकार्डावर मुलाचं नाव अजून तसंच, आणि उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र बाई एकटी राहते म्हणून लिहिलेलं. तपासणाऱ्या कारकुनाला ती बाई माहीत नसते, त्याच्यापुढे फक्त कागद असतात. म्हणून कागद गोळा करायच्या आधी आपण कुठल्या योजनेत, कुठल्या नात्यानं अर्ज करणार हे ठरवावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका विधवा बाईचा अर्ज डोळ्यांपुढे ठेवून हे पाहू.

राज्याच्या योजना मुख्यतः दोन आहेत. ६५ वर्षांच्या आतल्या निराधार माणसासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, मोठ्या आजारानं काम न करू शकणारे असे गट येतात. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दिव्यांग सोडले तर दोन्हींत आता महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०२३ च्या जुलैआधी हीच रक्कम १,००० होती. दोन्हींना महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाची अटही, दिव्यांग सोडले तर, दोन्हींची एकच आहे: नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं.

इंदिरा गांधी यांच्या नावाच्या केंद्राच्या वृद्ध आणि विधवा निवृत्तीवेतन योजनाही आहेत. त्यांच्यासाठी वेगळी धावाधाव नको. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं तर केंद्राचा वाटा त्या योजनांतून येतो आणि उरलेला राज्य भरतं. लाभार्थ्याच्या हातात पडायची एकूण रक्कम तीच. श्रावणबाळ योजनेत 'गट अ' आणि 'गट ब' असे शब्द कानावर पडतात, तो फरक एवढाच: अ म्हणजे यादीत नाव असलेले, ब म्हणजे यादीत नाव नसलेले पण उत्पन्न मर्यादेत असलेले.

इथंच एक गैरसमज दूर करायला हवा. पिवळं रेशनकार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीतलं नाव नव्हे. कार्ड पुरवठा विभाग देतो आणि यादी ग्रामविकास विभागाच्या सर्वेक्षणातून झालेली असते. पिवळं कार्ड असून यादीत नाव नाही, अशी कुटुंबं गावोगावी आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन यादीतला अनुक्रमांक विचारा. तो मिळाला तर त्याचा दाखला घ्या, उत्पन्नाच्या दाखल्याचं मोठं काम हलकं होतं. नाही मिळाला तर उत्पन्नाचा दाखला काढणं आलंच.

वय नेमकं कुणाचं धरायचं

समजा शिरोळ तालुक्यातल्या एका गावात सखुबाई म्हणून आक्का आहेत. माहेर निपाणीकडचं, म्हणजे आता कर्नाटकातलं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवरा काही वर्षांपूर्वी मिरजेच्या दवाखान्यात वारला. एक मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, बायको-पोरं घेऊन तिकडंच भाड्यानं राहतो. आक्का गावातल्या दोन खोल्यांत एकट्या. भांगलणीचे दिवस असले की कामाला जातात, तेही गुडघे साथ देतील तेवढंच.

वय विचारलं तर त्या सांगतात, "कोयनेचा भूकंप झाला तवा मी सात-आठ वर्सांची हुतो." भूकंप १९६७ च्या डिसेंबरातला. म्हणजे आक्कांचा जन्म १९६० च्या आसपासचा, वयाची पासष्टी ओलांडलेली. पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारीची आणि वय भरतं ६२. मतदार ओळखपत्रावर ६७.

आधारवर १ जानेवारी दिसली, की समजावं: नोंदणीच्या वेळी पुरावा नव्हता, अंदाजे वर्ष टाकलं गेलं. या वयाच्या बायाबापड्यांत हे सर्रास आहे. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नाही. निव्वळ आधार जोडून "वय सिद्ध झालं" असं म्हणता येत नाही. वयाच्या पुराव्यात सगळ्यात भक्कम जन्मनोंदीचा उतारा, मग शाळा सोडल्याचा दाखला. ते नसतील तर वय लिहिलेलं रेशनकार्ड किंवा मतदार यादीचा उतारा. तेही जुळत नसेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा त्यावरच्या सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला. खासगी डॉक्टरचं पत्र चालत नाही. सीमेपलीकडच्या शाळेचा कन्नड दाखला असला तर त्याचं भाषांतर करून जोडावं.

आता आक्कांचं वय सिद्ध करायला धावायचं का? इथं थांबून विचार करायचा. आक्का विधवा आहेत. विधवेला संजय गांधी योजनेत यायला पासष्टी पूर्ण असण्याची गरजच नाही, आणि रक्कम दोन्हीकडे १,५०० च आहे. आधार आणि रेशनकार्ड दोन्ही ६२-६३ दाखवत असतील तर संजय गांधी योजनेत विधवा म्हणून अर्ज करणं हा जवळचा रस्ता आहे. वयाचं भांडण नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यापाशी संपतं. कागदोपत्री पासष्टी भरली की त्या श्रावणबाळ योजनेत जातात. खोटं इथं काहीच नाही. जन्माची नोंद नसलेल्या माणसाचं कागदावरचं प्रत्येक वय अंदाजच असतं, फक्त तो अंदाज सगळीकडे एक हवा. म्हणून मतदार ओळखपत्रावरचं वय नमुना ८ भरून दुरुस्त करून घ्यावं आणि अर्ज चालू असताना आधारवरची तारीख बदलायच्या फंदात पडू नये. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. ती संधी अर्ध्या वाटेत वापरली, तर जुन्या तारखेवर निघालेले बाकीचे कागद उघडे पडतात.

आक्कांच्या जागी एखादे आप्पा असते, निराधार, नवरा-बायको दोघेही थकलेले, तर गोष्ट वेगळी. त्यांना विधवेचा मार्ग नाही. त्यांना ६५ पूर्ण दाखवावीच लागेल, आणि आधारवर ६२ असेल तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, मग आधार दुरुस्ती, आणि त्यानंतरच अर्ज. उलटा क्रम केला तर अर्ज अडकतो, कारण आता पैसे आधारच्या माहितीवरच चालतात.

ज्यांच्याकडे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, त्यांनी विधवा किंवा वृद्ध म्हणून न येता दिव्यांग म्हणून अर्ज करावा. त्या गटाला उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून रक्कम २,५०० झाली आहे. दृष्टी गेलेल्या, पाय अधू असलेल्या कितीतरी विधवा १,५०० वर समाधान मानतात, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला

विधवेच्या अर्जाचा कणा हाच कागद आहे, आणि वेळही सगळ्यात जास्त यालाच लागतो. मृत्यूची नोंद माणूस जिथं राहत होता तिथं होत नाही, जिथं वारला तिथं होते. आक्का ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेल्या तर तिथं नोंद सापडणार नाही. नवरा मिरजेत वारला म्हणजे दाखला सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात वारला असता तर कोल्हापूर महानगरपालिकेचा. घरी वारला असता तर गावच्या ग्रामपंचायतीचा. शिरोळ, हातकणंगल्याकडची माणसं मोठ्या आजाराला मिरज गाठतात, त्यामुळे या भागात ही चूक वारंवार होते. बाई गावात हेलपाटे घालत राहते आणि दाखला तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात तयार पडलेला असतो.

दाखला हातात आला की उभ्या उभ्या चार गोष्टी वाचून घ्या: मृताचं पूर्ण नाव, त्याच्या पत्नीचं नाव, मृत्यूची तारीख, पत्ता. दवाखान्यात घाईत सांगितलेलं नाव तसंच उतरतं. 'दादू' आणि 'दादासाहेब' एकच माणूस, हे गावाला ठाऊक असतं, संगणकाला नसतं. फरक असेल तर जिथं नोंद झाली तिथल्याच निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो, सोबत मृताचं आधार किंवा जुनं रेशनकार्ड. फरक अगदी बारीक असला तर "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत" असं स्वयंघोषणापत्र काही ठिकाणी चालवून घेतात. पण दाखलाच दुरुस्त केलेला बरा, कारण पुढं वारसनोंदीला, बँकेत, सगळीकडे तोच लागणार आहे.

नोंदच झाली नसेल तर? मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो. एक वर्ष उलटून गेलं असेल तर नुसता अर्ज पुरत नाही. आधी त्या ग्रामपंचायतीकडून किंवा पालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, मग नोंदणीच्या आदेशासाठी अर्ज करायचा. २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात, पूर्वीसारखं न्यायालयात जावं लागत नाही. तरी पोलीस पाटलाचं पत्र, स्मशानातली नोंद, दवाखान्याचे कागद असं काहीतरी पुराव्याला लागतंच. यात महिने जातात. ज्या घरात ही अडचण आहे तिथं बाकी सगळं बाजूला ठेवून पहिलं काम हे.

विधवेकडून पुनर्विवाह केला नसल्याचं स्वयंघोषणापत्रही मागतात. ते साध्या कागदावर, फोटो लावून आणि सही-अंगठा करून देता येतं. स्टँप पेपरचा खर्च कुणी सांगितला तर आधी कार्यालयात विचारून खात्री करावी.

पंधरा वर्षांचा रहिवास

अट महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याची आहे, त्याच गावात राहिल्याची नाही. हे नीट लक्षात घ्या. सांगली जिल्ह्यातून सात वर्षांपूर्वी इचलकरंजीत आलेली बाई अपात्र ठरत नाही, तिला फक्त आधीच्या गावाचा पुरावा जोडावा लागतो.

आक्कांना लोक घाबरवतात, "तुमचा जन्म कर्नाटकातला, तुम्हाला कसं मिळंल?" जन्म कुठला हा प्रश्नच नाही. लग्न होऊन चाळीसहून जास्त वर्षं त्या शिरोळ तालुक्यात नांदल्या. पुरावा मात्र जुना लागतो. नवा आधार आणि नवं वीजबिल आज कुठं राहता तेवढंच सांगतात. पंधरा वर्षांपूर्वीचं सांगायला जुनं रेशनकार्ड, जुन्या मतदार यादीचा उतारा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, घराचा उतारा किंवा मुलाच्या शाळेचा दाखला उपयोगी पडतो. आक्कांचा मुलगा त्याच गावच्या प्राथमिक शाळेत शिकला, तर त्याच्या दाखल्यावरचं वर्ष हे आईच्या रहिवासाचं बोलकं साक्षीपत्र आहे, आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. या कागदांवरून ग्रामसेवक किंवा तलाठी रहिवासाचा दाखला देतात. (२०२४ पासून सरकारी कागदांवर तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शिक्का वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका.)

खरी अडचण भाड्यानं राहणाऱ्यांची होते. इचलकरंजीत मागावर काम करत घरं बदलत राहिलेल्या बाईकडे ना घरपट्टी, ना वीजबिल. तिथं रेशनकार्ड आणि मतदार यादी यांवरच सगळी मदार. म्हणून भाडेकरूनं घर बदललं तरी रेशनकार्ड सोडू नये, ते नव्या दुकानाला जोडून घ्यावं.

उत्पन्नाचा दाखला: २१,००० चा हिशेब

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. आजच्या बाजारात ही मर्यादा कमालीची तोकडी आहे आणि ती वाढायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. रोज कामाला जाणारी कुठलीही विधवा प्रामाणिक हिशेबात तिच्या बाहेर जाते. पण आज नियम हा आहे, म्हणून हिशेब नीट मांडायला शिकलं पाहिजे.

आक्कांचा मांडून बघू. वर्षात भांगलण आणि इतर कामाचे ४५ दिवस, २५० रुपये रोजानं ११,२५०. एक शेळी विकली, ४,०००. एकूण १५,२५०. म्हणजे मर्यादेच्या आत. याच आक्का ९० दिवस कामाला गेल्या असत्या तर नुसती मजुरीच २२,५०० झाली असती आणि त्या बाहेर पडल्या असत्या. म्हणून तलाठ्यापुढे "रोज कामाला जाते" असं सवयीनं बोलून जाऊ नये. वर्षात खरोखर किती दिवस काम मिळालं, गुडघ्यानं किती दिवस घरी बसवलं, ते सांगावं. चौकशी अहवालात दिवसांचा आकडा उतरला तर हिशेब खरा राहतो.

पण आक्कांचा अर्ज अडकणार आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. मुलगा इचलकरंजीत राहतो, पण त्याचं, सुनेचं आणि नातवंडांची नावं अजून आक्कांच्या रेशनकार्डावर आहेत. चौकशी करणारा कार्ड उघडून बघतो आणि कुटुंब म्हणून सगळ्यांना मोजतो. मागावरच्या मुलाची वर्षाची कमाई धरली की २१,००० चा प्रश्नच उरत नाही. मुलगा खरोखर वेगळा राहत असेल तर त्यानं आपली नावं या कार्डातून कमी करून इचलकरंजीत स्वतःचं कार्ड काढावं, आणि हे उत्पन्नाच्या दाखल्याच्या आधी व्हावं. एका घरात, एका चुलीवर राहून नुसतं कार्ड फोडलं तर मात्र तलाठ्याच्या घरभेटीत ते दिसतं. शेजारीपाजारी विचारले जातात. तो मार्ग सुचवणाऱ्याचं ऐकू नये. खोटी माहिती आढळली तर पेन्शन बंद होते आणि वसुलीही निघू शकते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून, किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावरून अर्ज करायचा, सोबत तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. सेवा हमी कायद्यानं १५ दिवसांत तो मिळायला हवा. केंद्रात बसल्यावर "निराधार योजनेसाठी दाखला पाहिजे" असं स्पष्ट सांगा. नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी गेल्या वर्षी काढलेला ४८,००० चा दाखला घरात पडलेला असतो. तो बाईच्या नावानं नसतो, आकडाही मर्यादेबाहेरचा असतो, तरी तोच जोडला जातो आणि अर्ज तिथंच निकाली निघतो. केंद्रातल्या मुलानं नेहमीच्या सवयीनं ३६,००० किंवा ४८,००० टाकला तरी तेच. दाखला छापून हातात आल्यावर रकमेचा आकडा आणि अक्षरी रक्कम दोन्ही कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यावी.

या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून माझा सल्ला असा की तो सगळ्यात शेवटी काढावा. मृत्यूचा दाखला, नावाची दुरुस्ती, रेशनकार्ड, रहिवास, बँक हे सगळं आधी उरकायचं आणि मग हा दाखला काढून लगेच अर्ज टाकायचा. फेब्रुवारीत दाखला काढला आणि समितीची बैठक मे महिन्यात झाली, तर "नवीन दाखला आणा" म्हणून कागद परत येतो. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये नव्या वर्षाचा दाखला काढून अर्ज करावा, म्हणजे पुढं मोकळे दहा-अकरा महिने मिळतात.

अर्ज गेल्यावर काय होतं

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो. तिथं समक्ष द्या किंवा सेतूतून, पण पोच घ्या. पोचेवर तारीख आणि क्रमांक असल्याशिवाय पुढं काही विचारता येत नाही. मग तलाठ्याकडे चौकशी येते. त्यानंतर अर्ज तालुक्याच्या समितीपुढे ठेवला जातो. ही समिती पात्र-अपात्र ठरवते आणि मंजुरीचा आदेश निघतो. समिती रोज बसत नाही, निवडणुकीच्या आचारसंहितेत बैठका लांबतात. त्यामुळे दोन-तीन महिने उत्तर आलं नाही म्हणजे अर्ज फेटाळला असं नव्हे. पण तेवढ्यावर गप्पही बसू नये. शाखेत जाऊन "माझ्या अर्जात त्रुटी आहे का, असेल तर लेखी द्या" असं म्हणावं. तोंडी सांगितलेली त्रुटी दर खेपेला बदलते, लेखी एकदाच येते. नाकारलं तर कारण लेखी मागावं, न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करून समितीच्या त्या बैठकीतला आपल्या अर्जावरचा शेरा मागता येतो. तालुक्याच्या लोकशाही दिनातही तक्रार मांडता येते. मंजुरीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात. "साहेबाला सांगून करून देतो" म्हणणाऱ्याकडे मूळ कागद तर कधीच देऊ नका.

एक प्रश्न हमखास येतो: लाडकी बहीण चालू असताना ही पेन्शन घेता येते का? सरकारच्या दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळणारी बाई लाडकी बहीण योजनेत बसत नाही. दोन्ही घेतले तर एक बंद होणार. रक्कम सारखीच असल्यानं आज बदल करून फायदा दिसत नाही, पण लाडकी बहीण ६५ व्या वर्षी संपते आणि पेन्शन पुढं चालू राहते. ज्या विधवा आज लाडकी बहीणचे पैसे घेतात त्यांनी चौसष्टावं लागलं की श्रावणबाळचे कागद जुळवायला घ्यावेत, नाहीतर मध्ये काही महिने हात रिकामे राहतात.

पैसे नेमके कुठल्या खात्यात जातात

मंजुरी आली, शेजारणीला पैसे आले, आपल्याला नाही. अशा वेळी बाया पुन्हा तहसीलला जातात. आधी बँकेत बघायला हवं. आता ही रक्कम थेट लाभ हस्तांतरणानं, ज्याला डीबीटी म्हणतात, येते, म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यापेक्षा आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे तिथं जाते. आणि आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं, बहुधा शेवटी जिथं जोडलं तिथं. आक्कांनी पासबुक दिलं जिल्हा बँकेच्या गावच्या शाखेचं. पण मध्ये गॅसच्या अनुदानासाठी जयसिंगपुरात एका राष्ट्रीयीकृत बँकेत खातं काढलं होतं आणि आधार तिकडं जोडलं गेलं. पैसे दर महिन्याला तिथं पडत राहतात आणि इकडं पासबुकात शून्य.

हे घरबसल्या कळतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून `*99*99*1#` डायल करून आधार क्रमांक टाकला की कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. किंवा `myAadhaar` संकेतस्थळावर `Bank Seeding Status` मध्ये बघता येतं. बँकेचं नाव दिसलं आणि ते आपल्याला चालणार असेल तर काहीच करू नका, तिथलंच पासबुक भरून घ्या. बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म द्यायचा. नुसती केवायसी करणं आणि थेट लाभासाठी आधार जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवर "डीबीटीसाठी जोडून द्या" असंच सांगावं. काहीच जोडलेलं नाही असं दिसलं तर पैसे न येण्याचं कारण सापडलं. खातं बाईच्या एकटीच्या नावाचं असावं, आणि वर्षानुवर्षं व्यवहार न झाल्यानं ते निष्क्रिय झालेलं नसावं.

कागदावर पेन्शन दरमहा असली तरी निधी आला तसे कधी दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात. एक महिना रिकामा गेला म्हणून पेन्शन बंद झाली असं समजू नका. मात्र सलग काही महिने काहीच आलं नाही आणि गावातल्या बाकीच्यांना आलं, तर बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो. वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं, उत्पन्नाचा नवा दाखलाही मागवतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरच्यांनी तलाठ्याला किंवा शाखेला आधीच कळवावं. ज्यांच्या बोटांचे ठसे शेतकामानं झिजले आहेत आणि मशीन ते घेत नाही, त्यांनी आधार केंद्रात जाऊन बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्यानं नोंदवून घ्यावेत, मोबाइल क्रमांकही चालू असलेला टाकावा. आक्कांच्या आधारला जोडलेला क्रमांक मुलाचा जुना, कधीच बंद पडलेला आहे. ओटीपी तिकडंच जातो. आधार केंद्रातलं हे काम सगळ्या कागदांच्या आधी, पहिल्याच फेरीत उरकून घ्यावं.